हॉटेलात तक्रार करायचा सराव: चुकीचा पदार्थ आला तर

जागा: दादरमधलं मराठी खाद्यपदार्थांचं हॉटेल. ग्राहक ताईंचा चतुर्थीचा उपवास आहे. दोघांनी भूमिका वाटून घ्या आणि मोठ्याने वाचा.

ताई: दादा, जरा इकडे येता का?
वेटर: बोला ताई.
ताई: मी साबुदाणा वडा मागवला होता, पण हे थालीपीठ आलंय.
वेटर: अरे, बाजूच्या टेबलाचं इकडे आलं वाटतं.
ताई: असू दे. माझा उपवास आहे, त्यामुळे हे चालणार नाही. बदलून द्याल का?
वेटर: हो, लगेच. दहा मिनिटं लागतील.
ताई: चालेल. थालीपीठ बिलात लागणार नाही, तेवढं बघा हं.
वेटर: नाही लागणार, ताई.

सगळा सभ्यपणा ‘थालीपीठ आलंय’ या रचनेत आहे. ‘तुम्ही थालीपीठ आणलंत’ म्हटलं की बोट थेट वेटरकडे जातं, आणि चूक कदाचित स्वयंपाकघरातली असते. ‘आलंय’मध्ये कोणाचंच नाव नाही, तरी तक्रार पूर्ण पोचते.

शिकणारे हमखास अडखळतात ते ‘मागवला होता’पाशी. ‘मी मागवलो’ चूक आहे, कारण इथे क्रियापद पदार्थाच्या लिंगाप्रमाणे बदलतं: वडा मागवला, मिसळ मागवली, थालीपीठ मागवलं. ‘आलंय’चंही तसंच: वडा आलाय, मिसळ आलीये. म्हणून दुसऱ्या फेरीत पदार्थांची अदलाबदल करा. मिसळ मागवली होती आणि वडा आला, तर ताईंचं वाक्य काय होईल? उपवासाचं कारण मात्र तेव्हा बदलावं लागेल. नेहमीची मिसळ उपवासाला चालत नाही.