करवतकाठी साडी ऑनलाइन विकताना मटेरियल, कलर आणि ऑकेजनचे रकाने कसे भरावेत

नागपूरची करवतकाठी साडी लिस्ट करायला बसलं की पहिली अडचण मटेरियलच्या रकान्यात येते. अंग कोशाचं, म्हणजे टसरचं. काठ मर्सराइज्ड सुताचा. आणि रकान्यात बहुतेक वेळा एकच पर्याय निवडता येतो. म्हणून वर्णन आधी लिहूच नका. साडी दिवसाउजेडी पसरा आणि अंग, काठ, पदर, ब्लाउजपीस यांचं सूत नि रंग कागदावर वेगवेगळे लिहा. रकाने आणि वर्णन दोन्ही या कागदावरूनच भरायचे.

अंगाचा ताणा आणि बाणा दोन्ही टसरचे आहेत का, हे विणकराला स्पष्ट विचारा. तरी शंका राहिली तर दोन्हीकडचा एकेक सुटा धागा जाळून पाहा. टसरला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. सुताला कागद जळल्याचा वास येतो, तर पॉलिस्टर वितळून कडक गोळी होते. दोन्ही धागे टसरचे असतील तर रकान्यात ‘टसर सिल्क’ निवडा; एक सुती निघाला तर ‘कॉटन सिल्क’ किंवा ‘सिल्क ब्लेंड’. वर्णनाची पहिली ओळ मग अशी होते: ‘अंग टसर सिल्क म्हणजेच कोसा, काठ मर्सराइज्ड सुती.’ इथे ‘शुद्ध सिल्क साडी’ लिहायचा मोह टाळाच. काठ सुती आहे, आणि गिऱ्हाईक ‘वर्णनाप्रमाणे नाही’ म्हणून साडी परत पाठवेल ते याच शब्दावर बोट ठेवून.

कलरच्या रकान्यात अंगाचाच रंग द्या. न रंगवलेला कोसा मधाळ दिसतो, पण यादीत तसा रंग नसतो. तिथे ‘बेज’ निवडा आणि वर्णनात ‘मधाळ बेज अंग, लाल काठ’ लिहा. लाल काठासाठी ‘मल्टिकलर’ निवडलंत, तर बेजचा फिल्टर लावणाऱ्याला ही साडी दिसणारच नाही. जुनी लिस्टिंग कॉपी करून दुसऱ्या रंगाची साडी टाकताना सर्वाधिक घोळ होतो: रकाना बदलतो, वर्णनात जुना रंग तसाच राहतो.

ऑकेजनमध्ये सगळ्या खुणा करू नका. धुण्याच्या रकान्यात ‘ड्राय क्लीन’ असेल तर ‘डेली वेअर’ त्याच्याशी भांडतं. ‘फेस्टिव्ह’ निवडलं तर वर्णनात सणासुदीचा उल्लेख हवा, आणि वर्णनात ‘लग्नकार्यात’ लिहिलं असेल तर ‘वेडिंग’चीही खूण हवी.

लिस्टिंग लाइव्ह झाल्यावर मोबाइलवर गिऱ्हाइकासारखी उघडा आणि तपशिलाचा तक्ता वर्णनाशी ओळीनं ताडून पाहा. नंतर टसर सिल्क आणि बेज हे दोन फिल्टर लावून आपली साडी शोधा. बदल दिसायला थोडा वेळ लागू शकतो. तरीही सापडली नाही आणि लिस्टिंग एक्सेल शीट भरून टाकली असेल, तर शीटमध्ये मटेरियल नि रंगाचा शब्द यादीतून निवडला होता की हातानं टाइप केला होता ते तपासा. स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त पडलं, तरी साडी फिल्टरमधून गळू शकते.