समांतर जोडलेल्या दोन ट्रान्सफॉर्मरपैकी लहान सतत ओव्हरलोड: माझा अनुभव

कारखान्यात ११ केव्ही/४३३ व्होल्टचे दोन ट्रान्सफॉर्मर एकाच बसवर आहेत: १००० केव्हीए (इम्पिडन्स ५%) आणि ५०० केव्हीए (४%). एकूण लोड १४०० केव्हीए झाला की लहान ट्रान्सफॉर्मर ७१८ अँपिअर घ्यायचा, त्याचा फुल लोड ६६७. मोठा मात्र निवांत. लग घट्ट केले, सीटी तपासले, फरक शून्य. डोकं पिकलं होतं.

मग क्रमाने गेलो. दोन्हींच्या नेमप्लेटवर डीवायएन-११ आणि टॅप सारखाच. बस कपलर उघडा ठेवून दोन्ही बाजूंच्या त्याच फेजमधला व्होल्टेज मोजला: जवळपास शून्य. कपलर लावून, सगळे फीडर बंद ठेवून सेकंडरीचा करंट पाहिला; फिरता करंट नगण्य. म्हणजे दोष इम्पिडन्सचा.

लोड केव्हीए भागिले टक्के इम्पिडन्स या प्रमाणात वाटला जातो: १०००/५ = २००, ५००/४ = १२५. एकूण १३०० वरच लहान पूर्ण ५०० भरतो, मोठा ८०० वर. १५०० कधीच मिळणार नाहीत. टॅप बदलून वाटणी सुधारायला जाऊ नका, फिरता करंट वाढतो.

शेवटी कॉम्प्रेसरचा १५० केव्हीएचा फीडर दुसऱ्या सबस्टेशनवर हलवला. आता एकूण १२५०, लहानावर ४८१ केव्हीए.