बायोतलं लिंक-पान की वेबसाइट? आधी पत्ता स्वतःचा घ्या

माझी वहिनी घरी गोडा मसाला करून इन्स्टाग्रामवर विकते. तिने एकदा क्यूआर कोडसकट हजार लेबलं छापून घेतली. कोड स्कॅन केला की तिचं फुकटातलं लिंक-पान, म्हणजे नुसत्या लिंकच्या बटणांचं एक पान, उघडायचं. सहा महिन्यांनी तिने दुसऱ्या कंपनीचं पान घेतलं आणि उरलेली सहाशे लेबलं रद्दीत गेली. पान चांगलंच होतं, पण छापलेला पत्ता परक्याचा होता.

म्हणून सुरुवात लिंक-पानानेच करा, फक्त त्याच आठवड्यात स्वतःच्या नावाचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ताही घ्या. `.in` डोमेन साधारण वर्षाला काही शे रुपयांत मिळतं. दर बघताना पहिल्या वर्षाची सवलत नको, नूतनीकरणाची रक्कम बघा. डोमेनच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग असतं, तिथे लिंक-पानाचा पत्ता टाका आणि प्रकार 302, म्हणजे तात्पुरता, निवडा. 301 कायमचा असतो. ब्राउझर तो लक्षात ठेवतो आणि पुढे वेबसाइट केलीत तरी काही जुनी गिऱ्हाइकं जुन्याच पानावर जात राहतात. मग पत्ता `https://` लावून मोबाइलवर उघडून बघा. काही ठिकाणी फॉरवर्डिंग `https` वर चालत नाही, आणि हे लेबल छापायच्या आधी कळलेलं बरं. यापुढे बायोत, लेबलवर, क्यूआरमध्ये हेच डोमेन.

लिंक-पानावर चार-पाच बटणं पुरे. पहिलं ऑर्डरचं: `https://wa.me/91` आणि त्याला जोडून दहा आकडी नंबर, मध्ये अधिकचिन्ह किंवा मोकळी जागा नको.

वेबसाइट कधी? वहिनीला मी पंधरा दिवस व्हॉट्सअॅपवरचे प्रश्न वहीत लिहायला लावले. चाळीसपैकी सव्वीस जणांनी तेच विचारलं होतं: कांदा-लसूण आहे का, किती दिवस टिकतो, पुण्याला कुरिअरचे किती? याची उत्तरं बटणात मावत नाहीत, त्यांना पान लागतं. दुसरी खूण म्हणजे लोक इन्स्टावर न येता गूगलवर 'गोडा मसाला घरगुती' असं शोधून यावेत असं वाटू लागणं. नुसत्या बटणांच्या पानात गूगलला दाखवण्याजोगा मजकूरच नसतो. फॉलोअर वाढले, एवढ्यावरून मात्र वेबसाइट काढू नका. गिऱ्हाईक बटण दाबून सरळ ऑर्डर देत असेल, तर लिंक-पान पुरेसं आहे.

वेबसाइटही तीनच पानांची करा: मसाला, कुरिअर आणि दर, संपर्क. पहिल्या पानावर सगळ्यात वर तीच जुनी बटणं ठेवा, कारण इन्स्टावरून येणाऱ्याला आधी ऑर्डरच द्यायची असते. वहिनीने तिथे आधी स्वतःचा मोठा फोटो लावला होता, तो खाली सरकवावा लागला. (दोन दिवस अबोला.)

मग फॉरवर्डिंग काढून डोमेन वेबसाइटला जोडा. बदल सगळीकडे पोहोचायला काही तास, क्वचित एक-दोन दिवस लागतात, तोवर लिंक-पान बंद करू नका. शेवटी वाय-फाय बंद करून इन्स्टाच्या आतूनच लिंक उघडा आणि डोमेन घेतल्यावर छापलेल्या लेबलवरचा क्यूआरही स्कॅन करून बघा.