पावसाळ्यात सुतारकामाचं वर्कशॉप सांभाळताना: लाकूड, पॉलिश आणि गेलेली लाइट

सावंतवाडी-कुडाळकडे नव्याने सुतारकाम सुरू करणाऱ्याची खरी परीक्षा जुलैत होते. गणपतीच्या चौरंग-पाटांच्या ऑर्डरी त्याच महिन्यात करायच्या असतात आणि हवेतला दमटपणाही तेव्हाच सगळ्यात जास्त असतो. काम बिघडल्याचं मात्र डिसेंबरात कळतं, चौरंग गिऱ्हाईकाच्या घरी गेल्यावर.

लाकूड आजूबाजूच्या हवेप्रमाणे पाणी घेतं आणि सोडतं. चांगलं सुकवून आणलेला सागही कोकणातल्या पावसाळ्यात उघडा राहिला, तर काही आठवड्यांत १७-१८ टक्के ओलाव्यापर्यंत चढतो. ओलावा मोजायला पिनांचा मीटर मिळतो, पण वजनकाट्यावरही भागतं. फळीच्या टोकापासून निदान ३० सेंटिमीटर आतला एक तुकडा कापा, कारण टोकाचा ओलावा आतल्यापेक्षा वेगळा असतो. तुकडा लगेच तोला. मग ओव्हनमध्ये १०० अंशांच्या जरा वर, वजन उतरायचं थांबेपर्यंत सुकवा. समजा तो आधी ९४ ग्रॅम होता आणि ८० वर थांबला. गेलं १४ ग्रॅम पाणी. १४ भागिले ८०, म्हणजे साडेसतरा टक्के. भागायचं ते सुक्या वजनाने, ओल्या नव्हे.

आता ४०० मिलिमीटर रुंदीचा सागवानी चौरंग घ्या. तो पुण्यातल्या घरी गेला आणि हिवाळ्यात ११ टक्क्यांवर आला, तर साडेसहा टक्के ओलावा उतरला. ज्या फळीच्या टोकाला वर्षवलयं रुंदीला समांतर दिसतात, तिच्यात रुंदीच्या प्रत्येक १०० मिलिमीटरमागे एका टक्क्याला साधारण ०.१९ मिलिमीटर आकसणं होतं. म्हणजे एकूण जवळपास ५ मिलिमीटर. वलयं उभी असलेल्या फळीत हे निम्म्याहून थोडंसं जास्त असतं, म्हणून जमेल तिथे त्या फळ्या वरच्या पाटाला ठेवाव्यात. लांबीत फरक नगण्य.

हे ५ मिलिमीटर कुठे जाणार? खालच्या आडव्या पट्ट्या पाटाला पूर्ण लांबीभर गोंदाने आणि घट्ट स्क्रूने जखडल्या, तर पाटाला हलायला जागाच उरत नाही आणि तो मधोमध तडकतो. म्हणून गोंद आणि घट्ट स्क्रू फक्त मध्यावर. कडेच्या ४ मिलिमीटरच्या स्क्रूंसाठी पट्टीत ८ मिलिमीटर लांबीची खाच करा. पावसाळ्यात जोडताना स्क्रू खाचेच्या बाहेरच्या टोकाला बसवा, कारण पुढे पाट आत ओढला जाणार आहे. उन्हाळ्यात जोडत असाल तर बरोबर उलट. ही एक खाच करायला दोन मिनिटं लागतात, आणि तेवढ्यासाठी अख्खा चौरंग वाया गेलेला पाहणं फार लागतं.

फळ्यांचा साठा जांभ्याच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. जांभा पाणी शोषून घेतो. जमिनीपासून ३०-४५ सेंटिमीटर उंच, थरांमध्ये एकसारख्या जाडीच्या २५ मिलिमीटर पट्ट्या, आणि त्या सगळ्या एका ओळंब्यात. बहुतेक जण माल प्लास्टिकमध्ये गुंडाळतात आणि तिथेच फसतात. पावसाने उघडीप दिली की पत्रा तापतो, प्लास्टिकच्या आत वाफ धरते, रात्री तिचंच पाणी होतं आणि चार दिवसांत बुरशी. आंब्याला ती लवकर लागते. पत्र्याच्या खालून ठिबकणारे थेंब अडवायला ताडपत्री थराच्या वर उतरती बांधा, बाजू मोकळ्या ठेवा.

लॅकर पॉलिशवर दुधासारखी पांढरी झाक आली, तर दोष बहुधा लॅकरचा नसतो. थिनर झपाट्याने उडतो, त्याने पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी ओल्या थरावर बसतं. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर फवारू नका. उघडीप मिळेल त्या दुपारी थर द्या. थिनरमध्ये पाच ते दहा टक्के रिटार्डर घातला की तो हळू उडतो. कंप्रेसरच्या टाकीचं पाणी रोज सकाळी काढा, नाहीतर ते नळीतून थेट कामावर येतं. झाक आलीच, तर कोरड्या दिवशी रिटार्डरची हलकी फवार मारून पाहा, बऱ्याचदा जाते. सुकवण्यासाठी ओल्या लॅकरजवळ हॅलोजन किंवा उघडे बल्ब मात्र कधीही लावू नका, ती वाफ पेट घेते.

लाइट गेली की आधी मशीनचा स्विच बंद करा, मग पुढचं बघा. साध्या स्विचचं मशीन लाइट आल्याबरोबर आपोआप फिरतं, आणि तेव्हा हात पात्याजवळ असू शकतो. लाइट गेल्यावर सुटणारा आणि पुन्हा दाबल्याशिवाय न चालणारा स्टार्टर करवतीला हवाच. थ्री फेज मोटर एक फेज गेल्यावर जागच्या जागी गुरगुरत राहिली, तर थोड्याच वेळात जळते. तिच्यासाठी सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवा. अशा वेळी हातचं काम म्हणजे गोंद लावून शिकंजे आवळणं. मात्र दमट हवेत पांढरा गोंद सावकाश सुकतो, म्हणून शिकंजे रात्रभर राहू द्या.