एकच व्हिडिओ तुफान चालला? मग व्ह्यूजच्या हिशेबात या चुका टाळा

कोल्हापुरातलं एक यूट्यूब रेसिपी चॅनेल घेऊ. आकडे हिशेब समजावा म्हणून मी बेतलेले आहेत, पण अशी चॅनेलं राजारामपुरीपासून कळंब्यापर्यंत कुठंही सापडतील. व्हिडिओ 11. खर्डा, भडंग, झुणका, मिसळीचा कट, सुकं मटण वगैरे दहा व्हिडिओंचे व्ह्यूज चढत्या क्रमाने असे: 640, 710, 820, 900, 980, 1,050, 1,120, 1,240, 1,390 आणि 1,890. अकरावा व्हिडिओ पांढऱ्या रश्श्याचा. तो कुठल्या तरी रविवारी लोकांच्या होमपेजवर चढला आणि थेट 4,12,000 वर गेला.

आता सुभाष रोडवरचा एक चप्पल दुकानदार जाहिरातीसाठी विचारतो, "एका व्हिडिओला साधारण किती बघतात ओ?"

सगळे व्ह्यूज मिळवले की 4,22,740 होतात. भागिले 11, उत्तर जवळपास 38,431. चॅनेलवाला खोटं न बोलता सांगतो, "38 हजार." दुकानदार 8,000 रुपये देतो. त्याच्या मनातला हिशेब असा, की एका व्ह्यूला 21 पैसे पडले, स्वस्तात काम झालं. प्रत्यक्षात त्याची जाहिरात ज्या व्हिडिओत येते तो हजार-अकराशेवर थांबतो आणि एका व्ह्यूला साडेसात रुपये पडतात. पुढच्या वेळी तो फोनच उचलत नाही.

पहिली चूक इथंच झाली: सरासरीला "साधारण व्हिडिओ" समजणं. या चॅनेलवर 38 हजारांच्या आसपासचा एकही व्हिडिओ नाही. दहा व्हिडिओ त्याच्या विसाव्या हिश्शालाही पोचत नाहीत आणि अकरावा त्याच्या दहापट वर आहे. व्ह्यूज शून्याच्या खाली जात नाहीत, वर मात्र त्यांना छप्पर नाही. त्यामुळं फसलेला व्हिडिओ सरासरी फार तर थोडी खाली ओढतो, पण चाललेला व्हिडिओ तिला कुठंही नेऊन ठेवतो. पांढऱ्या रश्श्याला 4,12,000 ऐवजी 8,24,000 व्ह्यूज आले असते, तर सरासरी 75,885 झाली असती. खर्डा आणि भडंग मात्र होते तिथंच.

यावर उपाय मध्यकाचा. तो काढायला व्हिडिओ व्ह्यूजप्रमाणे चढत्या क्रमाने लावायचे आणि मधला उचलायचा. 11 मधला सहावा, म्हणजे 1,050. निम्मे व्हिडिओ त्याच्या खाली, निम्मे वर. रस्सा चार लाखांवर असो की आठ लाखांवर, रांगेत तो शेवटचाच, म्हणून मधला माणूस जागचा हलत नाही. दुकानदाराला सांगायचा आकडा हाच. माझं मत विचाराल तर त्याच्या जोडीला "दहापैकी आठ व्हिडिओ 700 ते 1,400 मध्ये असतात, एक मात्र चार लाखांवर गेला" एवढं वाक्य टाकावं. हिट लपवायची गरज नाही, तो फक्त वेगळा सांगायचा.

सरासरी घसरली म्हणून घाबरणं

ही चूक जास्त महागात पडते आणि ती पटकन लक्षातही येत नाही. वरच्याच चॅनेलवर बारावा व्हिडिओ आला, तांबड्या रश्श्याचा. त्याला 1,300 व्ह्यूज मिळाले. चॅनेलच्या नेहमीच्या मानाने चांगलाच चालला म्हणायचा, कारण पांढरा रस्सा सोडला तर त्याच्या वर दोनच व्हिडिओ आहेत. पण आता एकूण 4,24,040 भागिले 12, म्हणजे सरासरी 35,337. तीन हजारांहून जास्त घसरण! चॅनेलवाला म्हणतो, "तांबडा लोकांना आवडला नाही, सोडा तो विषय."

मध्यक काय सांगतो? व्हिडिओ 12 झाले की मधले दोन घ्यायचे, 1,050 आणि 1,120, आणि त्यांच्या मधोमध 1,085. म्हणजे चढ आहे. एकाच व्हिडिओबद्दल दोन मापं उलट बोलतात. कारण या चॅनेलवर 35 हजारांच्या खाली येणारा प्रत्येक नवा व्हिडिओ, कितीही चांगला असला, तरी सरासरी खालीच आणणार. हिटनंतर सहा महिने सरासरी पाहत बसलेला माणूस सहा महिने स्वतःला नापास करत राहतो. "सरासरी उतरतेय आणि मध्यक स्थिर किंवा चढता" असं दिसलं, तर चॅनेल घसरत नाहीये, जुना हिट फक्त जास्त व्हिडिओंत वाटला जातोय. दोन्ही उतरत असतील तर मात्र खरंच बघायला हवं.

आकडे उतरवताना होणारे घोळ

यूट्यूब स्टुडिओच्या ॲनालिटिक्समधून ॲडव्हान्स्ड मोडमध्ये जाऊन व्हिडिओवार तक्ता डाउनलोड केला, की `Table data.csv` मध्ये शीर्षकाखालची पहिली ओळ `Total` ची असते. ती रेंजमध्ये आली की बेरीज स्वतःच एक व्हिडिओ बनून बसते. आपल्या उदाहरणात सरासरी 38,431 वरून 70,457 वर उडी मारते. मध्यक जेमतेम हलतो, त्यामुळं चूक झाल्याचं त्यावरून कळत नाही. म्हणून रेंज तिसऱ्या ओळीपासून घ्या. व्ह्यूजच्या रकान्याचं अक्षर तुमच्या शीटप्रमाणे बदला:

```
=MEDIAN(D3:D13)
=AVERAGE(D3:D13)
```

हातानं आकडे भरणाऱ्यांचा घोळ वेगळा. "4.12 लाख" असं लिहिलं की शीट त्याला आकडा नव्हे, मजकूर समजते आणि काही न बोलता वगळते. मग सरासरी अचानक शहाण्यासारखी दिसते, कारण हिट हिशेबातच नसतो. `=COUNT(D3:D13)` टाकून बघा. 11 ऐवजी 10 आलं, तर एक आकडा गळालाय.

परवा टाकलेला व्हिडिओही यादीत नको. त्याचे व्ह्यूज अजून यायचेत. निदान महिनाभर जुने झालेले, अलीकडचे दहा-पंधरा व्हिडिओ घेतले की पुरे.

आणि हिट काढून टाकून उरलेल्यांची सरासरी? इथं ती 1,074 येते, मध्यकाच्या जवळच, म्हणून मोह होतो. पण उद्या एखादा व्हिडिओ 9,000 वर गेला, तर तो हिट धरायचा की नाही? रेघ कुठं मारायची हे आपणच ठरवणार, आणि ती बहुधा आपल्या सोयीची निघते. मध्यकात कुणाला काढावं लागत नाही.

मध्यक कुठं चालत नाही

महिन्याच्या कमाईचा किंवा एकूण व्ह्यूजचा अंदाज मध्यकावरून काढू नका. 1,050 गुणिले 11 म्हणजे साडेअकरा हजार, आणि खात्यात आलेले पैसे सव्वाचार लाख व्ह्यूजचे. एकूण बेरजेशी नातं सरासरीचंच असतं.

दुसरी अडचण सरमिसळ चॅनेलांची. त्याच चॅनेलवर आठवड्याला दोन रेसिप्या आणि दोन शॉर्ट्स जात असतील, रेसिप्या हजारावर आणि शॉर्ट्स वीस हजारांवर, तर मध्यक कुठल्या गटाचे व्हिडिओ जास्त आहेत त्यावर डोलतो. एखादा शॉर्ट कमी-जास्त झाला की 1,100 चा थेट 18,000 होतो. असा झोका दिसला की यादी दोन करा, शॉर्ट्सचा मध्यक वेगळा, लांब व्हिडिओंचा वेगळा. शिवाय 31 मार्च 2025 पासून यूट्यूब शॉर्ट्सचे व्ह्यूज निराळ्या पद्धतीनं मोजतं. शॉर्ट सुरू झाला किंवा पुन्हा वाजला की व्ह्यू धरला जातो, किमान वेळ बघायची अट नाही. त्या तारखेच्या आधीचे आणि नंतरचे शॉर्ट्स एका यादीत घातले, तर मध्यकसुद्धा चढल्यासारखा दिसेल, प्रेक्षक तेवढेच असले तरी.