पनीर घेताना दुकानात आणि घरी करायची पारख

सुट्या पनीरची पारख भावापासून सुरू करावी. एक किलो पनीरसाठी म्हशीचे चांगले दूध साधारण पाच लिटर लागते आणि गाईचे त्याहून जास्त. तुमच्या भागात म्हशीचे दूध सत्तर रुपये लिटर असेल, तर नुसत्या दुधाचेच साडेतीनशे रुपये होतात आणि त्यात इंधन, मजुरी व दुकानदाराचा नफा मिळवावा लागतो. अशा ठिकाणी कोणी दोनशे वीस रुपये किलोने पनीर देत असेल, तर ते निव्वळ दुधाचे असणे शक्य नाही. मात्र भाव चढा असला म्हणून माल शुद्ध असतो असेही नाही, कारण बनावट पनीर पूर्ण भावानेही विकले जाते.

त्यानंतर लादी समोर कापून मागावी आणि कापलेली बाजू पाहावी. दुधाच्या पनीरमध्ये बारीक, थोडा असमान कण दिसतो आणि चिमटीत दाबल्यावर तो मऊपणे सुटतो. पिष्ट आणि वनस्पती तेल घालून केलेली लादी बहुधा गुळगुळीत, एकसारखी असते, दाबली की रबरासारखी पूर्ववत होते. एक कण बोटांवर चोळून वास घ्यावा. दुधाचा स्निग्धांश शरीराच्या उबेने विरघळतो आणि मंद दुधाळ वास येतो, तर पाम तेलाचा माल असेल तर पुष्कळदा मेणासारखा थर बोटांना चिकटून राहतो. चावल्यावर पीठ जिभेवर राहिल्यासारखे वाटले, तर ती पिष्टाची खूण समजावी. रंगावरून मात्र निर्णय करू नये, कारण म्हशीच्या दुधाचे पनीर पांढरेशुभ्र असते आणि गाईच्या दुधाचे किंचित पिवळसर. निव्वळ चिवटपणाही पुरावा नव्हे. साय काढलेल्या दुधाचे किंवा फार दाबलेले पनीरही चिवट होते.

म्हणून शंका आली की घरी आयोडीनची चाचणी करावी. औषधांच्या दुकानात टिंक्चर आयोडीन मिळते. पनीरचा सुपारीएवढा तुकडा कुस्करून अर्ध्या वाटी पाण्यात दोन मिनिटे उकळावा, पाणी पूर्ण थंड होऊ द्यावे आणि मग त्यात दोन-तीन थेंब टाकावेत. पाणी गरम असताना निळा रंग टिकत नाही, त्यामुळे घाई केल्यास भेसळ असूनही ती दिसत नाही. पिष्ट असेल तर पाणी निळे किंवा काळसर निळे होते. नसेल तर पिवळट तपकिरीच राहते. मागच्या महिन्यात शेजारच्या डेअरीतून आणलेल्या पाव किलोची मी अशीच चाचणी केली, तेव्हा वाटीतले पाणी जांभळाच्या रसासारखे झाले आणि ते पनीर आम्ही टाकून दिले. टिंक्चर जुने असेल, तर आधी बटाट्याच्या फोडीवर एक थेंब टाकून ते काम करते आहे याची खात्री करावी. मैद्यात किंवा बेसनात घोळवलेले पनीर या चाचणीस चालत नाही, आणि तपासलेला तुकडा खाऊ नये.

या चाचणीला एक मर्यादा आहे आणि ती नीट समजून घ्यायला हवी. रंग निळा झाला नाही, तर एवढेच कळते की पिष्ट नाही. दुधाची भुकटी आणि पाम तेलापासून बनवलेला पर्यायी माल आयोडीनला काहीच प्रतिसाद देत नाही, कारण त्यात पिष्ट असतेच असे नाही. त्याची खात्री प्रयोगशाळेतच होते. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, 2006 च्या कलम 40 नुसार ग्राहकाला शुल्क भरून आपण घेतलेला पदार्थ अन्न विश्लेषकाकडून तपासून घेता येतो.

पाकीटबंद पनीरचा खरा फायदा इथेच आहे: त्यावर काय आहे ते छापलेले असते. ठळक नावापेक्षा घटकांची यादी वाचावी. त्यात दूध किंवा दुधाचे घन पदार्थ आणि सायट्रिक आम्लासारखे आम्ल एवढेच अपेक्षित आहे; वनस्पती तेल, पाम तेल, स्टार्च किंवा ‘ॲनालॉग’ हा शब्द दिसला तर तो दुधाच्या पनीरचा पर्याय आहे. असा माल विकणे बेकायदेशीर नाही, पण त्याला पनीर म्हणून विकणे फसवणूक आहे. नंतर पोषणाचा तक्ता पाहावा. भारतीय मानकांनुसार साध्या पनीरमध्ये ओलावा 60 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही आणि कोरड्या भागात निदान निम्मा दुग्धस्निग्धांश लागतो, म्हणजे 100 ग्रॅममध्ये तो 20 ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून अधिक हवा. कमी स्निग्धांशाच्या प्रकारांना वेगळी मर्यादा आहे आणि तसे पाकिटावर लिहिलेले असते. कार्बोदके दहा ग्रॅमच्या पुढे गेलेली दिसली, तर घटकांची यादी पुन्हा वाचावी.

सुटे पनीर त्याच दिवशी खाणार असाल आणि डेअरी स्वतः दूध फोडत असेल, तर चवीला ते पाकिटापेक्षा सरस असते. पण ते उघड्या पाण्यात ठेवलेले असेल, पाणी गढूळ असेल किंवा लादी बुळबुळीत लागत असेल, तर घेऊ नये. पाकीट फुगलेले असेल, तर तारीख काहीही असो, ते परत ठेवावे.