नवरदेवाचे पाय गार पडले: वाक्प्रचारांच्या अनुवादात या चुका टाळा

दिवाळी अंकासाठी एका इंग्रजी कथेचा अनुवाद माझ्याकडे तपासायला आला होता. नवरदेवाला लग्नाच्या सकाळी ‘कोल्ड फीट’ येतात, असा प्रसंग. नव्या अनुवादकानं लिहिलं होतं, ‘मांडवात जाण्याआधीच त्याचे पाय गार पडले.’ मुद्रितं वाचायला शुक्रवार पेठेतल्या एक काकू यायच्या. त्यांनी विचारलं, “अवो, नवरदेव खपला काय? मग फुडच्या पानावर जेवणावळ कशी?”

काकूंचं बरोबर होतं. आपल्याकडे पाय गार पडतात ते मरणाऱ्या माणसाचे. मी ‘हातपाय गार पडले’ सुचवलं असतं, तरी चुकलंच असतं. ते अचानक वाईट बातमी कळल्यावर होतं. कोल्ड फीटमध्ये आधी शब्द दिलेला असतो आणि पाऊल टाकायच्या क्षणी धीर सुटतो.

मग आम्ही पर्याय मांडले. ‘कच खाल्ली’ म्हटलं की सांगणाऱ्याचा तिरस्कार येतो. नवरीचा भाऊ असंच म्हणेल. ‘अवसान गळालं’ यात कीव आहे, ते आईच्या तोंडी शोभेल. ‘पाय लटपटले’ म्हणजे भीती चारचौघांना दिसली. कथेत तर तो एकटाच खोलीत बसलेला. शिवाय लेखकानं पुढच्या परिच्छेदात त्याच पायांवर खेळ केला होता, ‘ते पाय पुढं तीन वर्षं त्या गल्लीत वळले नाहीत.’ म्हणून पाय सोडता येईना. शेवटी ठरलं, ‘ऐनवेळी त्यानं पाय मागे घेतला.’ एवढ्याला पाऊण तास गेला. अनुवादक मात्र पहिल्या दहा मिनिटांतच कंटाळला होता. शब्दकोशातला पहिला अर्थ उचलून पुढं पळायची ही घाई मला सहन होत नाही.

माझी सवय साधी आहे. इंग्रजी पान झाकायचं आणि तो प्रसंग घरातल्या कुणाला तरी तोंडी सांगायचा. तोंडातून जे निघेल ते लिहायचं आणि मग मूळ पान उघडून सूर ताडून बघायचा.

‘अॅट द एंड ऑफ द डे’चं ‘दिवसाच्या शेवटी’ करू नका. ‘शेवटी काय’ पुरे.

उलटी चूकही तितकीच खटकते. लंडनमधला कारकून ‘आधी पोटोबा, मग विठोबा’ म्हणाला की कथा थेट पंढरपुरात जाते. तिथं ‘आधी पोटात काही जाऊ दे’ एवढंच लिहावं. ‘शड्डू ठोकला’ हा आम्हा कोल्हापूरकरांचा लाडका शब्द, खासबागेची माती अंगाला लागलेला. निवडणुकीच्या बातमीत तो खुशाल वापरावा. पण दोन वकील हलक्या आवाजात एकमेकांना आव्हान देत असतील, तर मी तो खोडतो. शड्डूचा आवाज मैदानभर जातो, आणि त्या दोघांना तो कुणाला ऐकू द्यायचा नसतो.